बाजार उघडताना डेटा गायब? ऑन-कॉलवर असाल तर आधी काय तपासायचं

सव्वानऊला बाजार उघडतो, ९:१६ ला तुमचं रूटीन पहिल्या मिनिटाच्या कँडल मोजतं आणि अलर्ट येतो: ‘अपेक्षित ५००, मिळाल्या ४८३’. ऑन-कॉलवर नव्याने आलेल्या माणसाचा हात अशा वेळी पहिल्यांदा रीस्टार्टकडे जातो. तो हात थांबावा आणि पुढची दहा मिनिटं ठरलेल्या क्रमाने जावीत, यासाठी हा लेख आहे.

इथे एनएसईचा रोख बाजार धरला आहे. ब्रोकरच्या वेबसॉकेटवरून टिक घेऊन स्वतः एक-मिनिटाच्या कँडल बनवणारी छोटी टीम डोळ्यांसमोर आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचे आणखी वेगळे घोळ असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

## हाताशी काय हवं

हे सगळं नऊच्या आत उघडून ठेवायचं. अलर्ट आल्यावर पासवर्ड शोधत बसायची वेळ येऊ नये.

- डेटाबेसचा वाचण्यापुरता प्रवेश, आणि ऑर्डर थांबवण्याच्या बटणाचा अधिकार
- फीड घेणाऱ्या प्रोसेसचा लॉग
- दुसऱ्या ब्रोकरचं साधं ट्रेडिंग अ‍ॅप, फोनवर चालू असलेलं
- एनएसईच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं आणि सुट्ट्यांची यादी
- आजची आणि कालची सिम्बॉल-यादी, दोन्ही वेगवेगळ्या फाइलमध्ये जपलेल्या
- ब्रोकरच्या तांत्रिक मदत कक्षाचा नंबर

कालची यादी बहुतेक ठिकाणी नसते, कारण रोज सकाळी नवी फाइल जुनीवरच लिहिली जाते. हे आजच बदला. फाइलच्या नावात तारीख घातली की काम झालं. पाचव्या पायरीत ती नसेल तर तुम्ही अंधारात असाल.

## १. नव्या ऑर्डर थांबवा, लागलेल्या तशाच ठेवा

या डेटावर एखादी स्ट्रॅटेजी पैसे लावत असेल, तर कारण शोधण्याआधी तिच्या नव्या ऑर्डर बंद करा. ज्या शेअरचा डेटा नाही त्याची किंमत तुमच्या प्रणालीला कालचीच दिसत असते, आणि ती त्याच किमतीवर निर्णय घेत राहते.

एक्स्चेंजकडे आधीच लागलेले स्टॉप-लॉस मात्र काढू नका. ते तुमच्या फीडवर अवलंबून नाहीत, तुम्ही आंधळे असतानाही ते काम करतात. घाबरून ‘सगळं रद्द’ दाबणाऱ्याने स्वतःचं उरलंसुरलं संरक्षणही काढून घेतलेलं असतं.

आणि अजून रीस्टार्ट नाही. प्रोसेस पुन्हा चालू करून सगळ्या शेअरचं सबस्क्रिप्शन परत लावेपर्यंत जे ४८३ नीट येत होते त्यांचेही टिक हुकतात, आणि वेबसॉकेट हुकलेले टिक पुन्हा पाठवत नाही. वर मेमरीतली स्थिती पुसली जाते, म्हणजे काय बिघडलं होतं हे दाखवणारा पुरावाही जातो.

## २. भोकाचा आकार बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. किती गायब आहेत यापेक्षा कोण गायब आहेत, हे कारणाकडे लवकर नेतं. अपेक्षित यादीला डाव्या बाजूला ठेवून जोडणी करा:

```sql
SELECT w.symbol, w.series, w.conn_id, w.pos
FROM watchlist w
LEFT JOIN candle_1m c
  ON c.symbol = w.symbol
 AND c.ts = CURRENT_DATE + TIME '09:15'
WHERE c.symbol IS NULL
ORDER BY w.conn_id, w.pos;
```

(`ts` भारतीय वेळेत साठवला आहे असं धरलं आहे. `conn_id` म्हणजे तो शेअर कोणत्या सॉकेटवर आहे, आणि `pos` म्हणजे यादीतला त्याचा क्रमांक. हे दोन रकाने तुमच्याकडे नसतील तर जरूर घाला.)

आता निकाल वाचा. सगळेच गायब असतील तर बाजार बंद, घड्याळ चुकलेलं किंवा लॉगिन संपलेलं: पायरी ३ आणि ४. एकाच `conn_id` चे सगळे गायब असतील तर तो एक सॉकेट पडला आहे, बाकीच्यांना हात लावू नका. यादीचा फक्त शेपटाकडचा भाग गायब असेल, तर यादी वाढून एका जोडणीवर चालणाऱ्या शेअरची मर्यादा ओलांडली गेली आहे. काल कोणी नवे शेअर घातले का ते विचारा. इकडेतिकडे विखुरलेली मोजकीच नावं गायब असतील तर फीड बहुधा ठीक आहे, बदल त्या शेअरमध्ये झाला आहे: थेट पायरी ५.

एक सापळा इथेच असतो. पुष्कळ रूटीन ‘अपेक्षित’ आकडा आजच्या सिम्बॉल-यादीतूनच मोजतात. मग यादीतून गळलेला शेअर अपेक्षितही नसतो आणि गायबही नसतो, अलर्ट हिरवाच राहतो. अपेक्षित नावं तुमच्या स्वतःच्या, हाताने सांभाळलेल्या यादीतूनच यायला हवीत.

दुसरा सापळा लहान शेअरचा. ज्यात दिवसभरात थोडेच सौदे होतात, अशा शेअरचा पहिल्या मिनिटात एकही सौदा न होणं अगदी नेहमीचं आहे. तिथे कँडल नसणं हाच खरा डेटा. अलर्ट उपयोगी पडावा असं वाटत असेल तर मोठ्या उलाढालीच्या शेअरसाठी पहिला मिनिट आणि लहानांसाठी अर्धा तास, असे वेगळे निकष ठेवा.

## ३. आज बाजार आहे का, आणि नेहमीच्या वेळी आहे का

हसण्यावारी नेऊ नका. वर्षाच्या सुरुवातीला उतरवून ठेवलेलं सुट्ट्यांचं कॅलेंडर वर्षभर खरं राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सोमवार, २२ तारखेची सुट्टी ऐन वेळी जाहीर झाली आणि शनिवारी, २० तारखेला पूर्ण दिवस बाजार चालला. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानासाठी बाजार बंद होता. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी तो उघडा होता. मुहूर्ताचे सौदे संध्याकाळीच होतात असं गृहीत धरलेल्या रूटीनला २१ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी पावणेदोन ते पावणेतीनची वेळ पकडता आली नसती.

म्हणून कॅलेंडर आपल्या फाइलमध्ये न बघता एनएसईच्या परिपत्रकांत बघा. शिवाय फोनवरचं दुसरं अ‍ॅप उघडून एखाद्या मोठ्या शेअरची किंमत हलते आहे का ते पाहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तिथेही सगळं थिजलेलं असेल तर दोष तुमच्याकडे नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला दूरसंचार जोडण्यांच्या बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. अशा दिवशी आपली प्रोसेस कितीही वेळा उठवली तरी हाती काही लागत नाही.

बाजार उघडताच थांबूही शकतो. निर्देशांक दुपारी एकच्या आत १० टक्के हलला तर ४५ मिनिटं व्यवहार बंद होतात आणि मग १५ मिनिटांचं प्री-ओपन सत्र होतं. १३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच हे घडलं. तेव्हा ९:१५ ची कँडल मिळते आणि पुढचा जवळजवळ तास रिकामा राहतो. ती पोकळी खरी आहे, भरायची नाही.

आता घड्याळ:

```bash
TZ=Asia/Kolkata date
chronyc tracking
```

सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर ९:१५ म्हणजे तिथले ०३:४५. कोणी यूटीसी सर्व्हरवर रूटीनची वेळ `09:15` अशीच लिहिली असेल, तर ते आपल्याकडच्या दुपारी पावणेतीनला जागं होतं. सकाळभर एकही नोंद नाही आणि पावणेतीनला अचानक सगळं सुरळीत, अशी तक्रार आली तर दुसरं कारण शोधूच नका.

कँडलवरचा शिक्का आरंभाचा की शेवटाचा, हेही पाहा. एका स्रोताकडे पहिल्या मिनिटाची कँडल ९:१५ नावाने असते, दुसऱ्याकडे ९:१६ नावाने. स्रोत बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे ९:१५ गायब दिसले, तर डेटा आलेला असतो, फक्त शेजारच्या खणात पडलेला असतो.

## ४. सॉकेट जिवंत आहे की नुसता जोडलेला

ब्रोकरांच्या एपीआयचं लॉगिन रोज नव्याने करावं लागतं, कालचं टोकन आज चालत नाही. लॉगमध्ये `401` किंवा `403` दिसलं तर सकाळचं लॉगिन झालेलंच नाही. ते करा, आणि ही एकच अशी वेळ आहे जेव्हा लगेच रीस्टार्ट करणं बरोबर आहे, कारण गमावण्यासारखं काही येतच नव्हतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे ‘जोडलेला पण मुका’ सॉकेट. जोडणी उघडी असते, अधूनमधून हृदयाचा ठोका म्हणून पाठवलेला छोटा संदेशही येतो, पण टिक येत नाहीत. प्रक्रिया चालू आहे एवढंच बघणारं मॉनिटरिंग यावर समाधानी असतं. तुम्ही प्रत्येक सॉकेटवरच्या शेवटच्या टिकची वेळ बघा, आणि तीही दोन प्रकारची: एक्स्चेंजने मारलेली सौद्याची वेळ आणि तुमच्याकडे पोचल्याची वेळ. दोन्ही जुन्या असतील तर पुरवठा तुटला आहे. पोचल्याची वेळ ताजी पण एक्स्चेंजची वेळ कालची असेल, तर ब्रोकर तुम्हाला कालचं शेवटचं चित्र पुन्हा पाठवतो आहे. आणि दोघांतलं अंतर दर मिनिटाला वाढत असेल तर डेटा येतो आहे, तुमचा लिहिणारा प्रोग्राम मागे पडला आहे. उघडतानाच्या गर्दीत हे होतं. रांग कमी होते आहे का ते दोन-तीन मिनिटं बघा. कमी होत असेल तर हात लावू नका, ती स्वतः रिकामी होईल.

## ५. मोजकीच नावं गायब असतील तर

कालची यादी आणि आजची यादी समोरासमोर ठेवा आणि गायब नावं दोन्हींत शोधा. नेहमी भेटणारी कारणं तीन.

पहिलं, नाव बदललं. एप्रिल २०२५ मध्ये झोमॅटोचं `ZOMATO` जाऊन `ETERNAL` आलं. जुन्या नावावर सबस्क्रिप्शन लावणाऱ्या रूटीनला त्या सकाळी त्रुटीचा संदेशही मिळाला नसेल, नुसती शांतता मिळाली असेल. इथे आयसिन क्रमांक कामी येतो, कारण नाव बदललं तरी तो तसाच राहतो. मात्र शेअरचं विभाजन होऊन दर्शनी मूल्य बदललं की आयसिन बदलतो आणि नाव तेच राहतं. म्हणून एकाच रकान्यावर विसंबू नका, दोन्हींवर जुळवून बघा.

दुसरं, सिरीज बदलली. एनएसई काही शेअर निगराणीसाठी `EQ` मधून `BE` मध्ये टाकतं, तिथे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची असते. शेअर जिवंत असतो, सौदे चालू असतात, पण तुमच्या क्वेरीत `series = 'EQ'` असेल तर तो तुमच्यापुरता संपला.

तिसरं कारण मला सगळ्यात धोक्याचं वाटतं: त्या शेअरचा बाजारच अजून उघडलेला नाही. नवी नोंदणी असेल किंवा डिमर्जर होत असेल, तर त्या एका शेअरसाठी ९ ते १० विशेष प्री-ओपन सत्र असतं आणि नेहमीचे सौदे दहाला सुरू होतात.

२० जुलै २०२३ हा दिवस घेऊन हे पूर्ण करून बघू. त्या दिवशी रिलायन्सच्या भावातून तिचा वित्तीय व्यवसाय वेगळा झाला. निफ्टीच्या शेअरवर चालणाऱ्या रूटीनने ९:१६ ला कळवलं असतं की बाकी सगळे आले, `RELIANCE` नाही. आकार बघा: एकच नाव, तेही देशातल्या सगळ्यात मोठ्या उलाढालीच्या शेअरपैकी. शेजारची नावं त्याच सॉकेटवर येताहेत, म्हणजे सॉकेट ठीक. नाव, सिरीज, आयसिन कालचेच. दुसऱ्या अ‍ॅपवरही रिलायन्स हलत नाही. मग परिपत्रकात विशेष सत्र सापडतं. निदान: बिघाड नाही, दहाची वाट बघा.

आता इथे कोणी ‘तात्पुरतं’ म्हणून कालची बंद किंमत भरून ठेवली असती तर? आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५ रुपये होता. विशेष सत्रात एनएसईवर ठरलेला भाव २,५८० रुपये. दहा वाजता तुमच्या प्रणालीला एका मिनिटात ९ टक्क्यांहून मोठी घसरण दिसली असती आणि तिच्यावर लावलेला प्रत्येक नियम पेटला असता. प्रत्यक्षात भागधारकाचं काही गेलं नव्हतं. फरकाचे २६१.८५ रुपये वेगळ्या झालेल्या कंपनीचे होते.

गोष्ट तिथेच संपली नाही. ती नवी कंपनी निफ्टीत ५१ वं नाव म्हणून स्थिर किमतीने धरली गेली आणि तिची नोंदणी २१ ऑगस्टला झाली. म्हणजे निर्देशांकाची यादी आपोआप उचलणाऱ्या रूटीनला महिनाभर रोज सकाळी एक नाव गायब दिसणारच होतं. अशा नावासाठी अलर्ट बंद करायचा, पण तारखेसकट: कारण, कोणी बंद केला आणि कधी परत चालू होणार. शेवटची तारीख नसलेला बंद अलर्ट वर्षभर तसाच राहतो आणि मग खरा बिघाड त्याखाली लपतो.

## ६. भोक भरायचं असेल तर

फीडच तुटलेला होता हे नक्की झालं, की ब्रोकरच्या ऐतिहासिक डेटा एपीआयमधून ती मिनिटं मागवा. लगेच नको, चालू मिनिट पूर्ण होऊन थोडा वेळ जाऊ द्या, नाहीतर अर्धवट कँडल पदरी पडेल.

भरलेल्या ओळींवर `source = 'backfill'` अशी खूण हवीच. पुढे कोणी स्ट्रॅटेजीची जुन्या डेटावर चाचणी घेईल तेव्हा ९:१५ ची कँडल त्याला वेळेवर आल्यासारखी दिसेल, आणि प्रत्यक्षात ती ९:४० ला आली होती हे कळायला दुसरा मार्ग राहणार नाही.

भोकाच्या दोन्ही कडांची मिनिटं विशेष जपून बघा. सॉकेट ९:१७:४० ला पडला असेल तर ९:१७ ची कँडल तुमच्याकडे आहे, पण तिच्यात शेवटच्या वीस सेकंदांचे सौदे नाहीत. रूटीन फक्त आहे-नाही मोजतं, त्यामुळे ही अर्धी कँडल त्याला पूर्ण वाटते. बॅकफिल करताना ‘आधीची ओळ असेल तर सोडून दे’ असा नियम लावलात तर हीच अर्धी कँडल कायमची राहते. कडांची दोन मिनिटं सोडू नका, बदला.

## ७. कोणाला काय कळवायचं

पंधरा मिनिटांत कारण सापडलं नाही तरी गटात निरोप टाका. निरोप असा असावा:

> ९:२४. ५०० पैकी १७ शेअरची ९:१५ ची कँडल नाही. सगळे जोडणी क्र. ३ वरचे. बाकीच्या जोडण्या ठीक. दुसऱ्या अ‍ॅपवर हे शेअर हलताहेत. या १७ मध्ये नव्या ऑर्डर थांबवल्या आहेत, स्टॉप-लॉस तसेच आहेत. फक्त जोडणी ३ पुन्हा लावतो आहे. पुढचा निरोप ९:३५ ला.

ब्रोकरच्या मदत कक्षाला फोन करताना ‘डेटा येत नाही’ एवढंच सांगू नका. एखाद्या शेअरचं नाव, शेवटच्या टिकची एक्स्चेंजची वेळ, जोडणी लागल्याची वेळ आणि लॉगमधली त्रुटीची ओळ द्या. हे नसेल तर पहिला अर्धा तास प्रश्नोत्तरांत जातो.

## ८. संध्याकाळचा ताळमेळ

ऑर्डर पुन्हा चालू झाल्या म्हणजे काम आटोपलं असं नाही. बाजार संपल्यावर एनएसईची भावकॉपी, म्हणजे दिवसभराच्या भावांची आणि व्हॉल्यूमची फाइल येते, तिच्याशी तुमचा दिवस जुळवा. जुलै २०२४ पासून तिचा साचा बदलला आहे. फाइलचं नाव असं असतं:

```
BhavCopy_NSE_CM_0_0_0_YYYYMMDD_F_0000.csv.zip
```

`TckrSymb` आणि `SctySrs` वरून शेअर जुळवा आणि `TtlTradgVol` ची तुमच्या सगळ्या कँडलच्या व्हॉल्यूमच्या बेरजेशी तुलना करा. सकाळी हाताळलेल्या शेअरपुरतं न थांबता सगळ्यांसाठी करा, कारण अर्ध्या कँडल इथेच उघड्या पडतात.

थोडा फरक सगळीकडे दिसेल, त्याने दचकू नका. ९ ते ९:०८ च्या प्री-ओपनमध्ये लागलेल्या ऑर्डर त्यानंतर जुळवल्या जातात आणि ते व्हॉल्यूम दिवसाच्या आकड्यात असतं. तुम्ही टिक ९:१५ पासून मोजत असाल तर तेवढं कमी पडणारच. त्याच कारणाने `OpnPric` हा प्री-ओपनमध्ये ठरलेला भाव असतो आणि तुमच्या ९:१५ च्या कँडलचा पहिला भाव त्याहून वेगळा असू शकतो. शोधायचे ते शेअर, ज्यांचा फरक त्यांच्या नेहमीच्या फरकापेक्षा ठळकपणे मोठा आहे. त्यांची यादी, सकाळचं निदान, भरलेली मिनिटं आणि तारखेसह बंद केलेले अलर्ट एवढं नोंदवहीत लिहून उद्याच्या ऑन-कॉलवाल्याकडे सोपवा.